पौर्णिमेलाही उधाण का येते? भरती-ओहोटीची आकृती आणि मुंबईचे कोष्टक

प्रश्न: मी अलिबागजवळच्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवते. आकृतीत अमावास्येला चंद्र आणि सूर्य एकाच बाजूला असतात, म्हणून उधाण येते, हे मुलांना पटते. पण पौर्णिमेला ते पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात. मग त्यांची ओढ एकमेकींना मारून का टाकत नाही? शिवाय इथले कोळी सांगतात की सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येते. मुलांसमोर आकृती काढायची तरी कशी? एकदा त्यांना ओहोटीच्या वेळी समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत नेण्याचाही विचार आहे.

उत्तर: अडचण ‘ओढ’ या शब्दात आहे. चंद्र पृथ्वीला किती जोराने ओढतो यावर भरती ठरत नाही. पृथ्वीच्या एका टोकाला तो दुसऱ्या टोकापेक्षा किती कमी किंवा जास्त ओढतो, यावर ती ठरते. हा फरक लक्षात आला की पौर्णिमेचे कोडे सुटते, आणि सूर्य चंद्राहून कितीतरी बलवान असूनही भरतीच्या बाबतीत दुय्यम का, तेही त्याच वेळी समजते. मी आयुष्यातील बराच काळ बंदरांत आणि खाड्यांत पाण्याची खोली मोजण्याच्या कामात घालवला. त्या कामात मोजलेल्या प्रत्येक खोलीतून त्या क्षणाची भरती वजा करावी लागते. त्यामुळे पुढील विवेचनात आकृतीबरोबर कोष्टकातील आकडेही येतील.

प्रथम चंद्राचे पाहू. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे चंद्राकडील समुद्र पृथ्वीच्या मध्यापेक्षा चंद्राला थोडा जवळ आहे आणि पलीकडचा समुद्र तेवढाच दूर. अंतर वाढले की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पृथ्वीच्या मध्यावरील चंद्राची ओढ १०० मानली, तर चंद्राकडील बाजूला ती सुमारे १०३.४ येते आणि विरुद्ध बाजूला सुमारे ९६.८. आता एका ओळीत तीन होड्या चालल्या आहेत असे समजा. पुढच्या होडीला थोडा जास्त जोर मिळतो, मधलीला मध्यम आणि मागचीला थोडा कमी. तिन्ही एकाच दिशेने जात असतात, तरीही मधल्या होडीत बसलेल्याला पुढची होडी पुढे निसटताना दिसते आणि मागची मागे पडताना दिसते. आपण पृथ्वीवर राहतो, म्हणजे त्या मधल्या होडीत बसलेलो आहोत. म्हणून चंद्राकडे पाण्याला एक फुगवटा येतो आणि पलीकडेही तसाच दुसरा येतो. पहिला +३.४ चा आहे आणि दुसरा −३.२ चा. दोन्ही फुगवटे जवळजवळ सारखे असतात, कारण दोन्ही ठिकाणी पाणी मध्यापासून दूरच जात असते.

पलीकडच्या फुगवट्यासाठी पुस्तकात केंद्रोत्सारी बलाचे कारण दिलेले असते. ते चूक नाही, मात्र त्यातून मुलांचा एक गैरसमज होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून पाणी बाहेर फेकले जाते, असे त्यांना वाटते. स्वतःभोवती फिरण्याने विषुववृत्तावर जो फुगवटा येतो तो कायमचा आहे, तो दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. इथे अभिप्रेत असलेले बल पृथ्वी आणि चंद्र या जोडीच्या सामाईक मध्याभोवतीच्या फिरण्यातून येते. ते पृथ्वीवर सगळीकडे सारखेच असते, म्हणून शेवटी उरतो तो ओढीतील फरकच. वर्गात मी होड्यांचे उदाहरण देईन आणि ते बल पुढच्या इयत्तेसाठी ठेवीन.

आता हाच हिशेब सूर्याला लावू. चंद्राची ओढ १०० धरली, तर सूर्याची ओढ सुमारे १७,९०० भरते, म्हणजे जवळजवळ १७९ पट. परंतु सूर्य चंद्राच्या ३८९ पट दूर आहे. एवढ्या अंतरावरून पाहता पृथ्वीची जवळची आणि दूरची बाजू यांच्यात फारसे अंतर उरत नाही. त्यामुळे १७,९०० च्या ओढीत दोन्ही टोकांना पडणारा फरक सुमारे १.५ एवढाच असतो. चंद्राचा फरक सुमारे ३.३ आणि सूर्याचा १.५, म्हणजे सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी, काटेकोर हिशेबाने ०.४६ पट.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सूर्याचेही पाण्यावर दोन फुगवटे असतात, एक सूर्याकडे आणि एक सूर्याच्या विरुद्ध बाजूला. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, तेव्हा चंद्राकडील फुगवटा सूर्याच्या मागच्या फुगवट्यावर बसतो आणि चंद्राच्या मागचा फुगवटा सूर्याकडील फुगवट्यावर. अमावास्येला जवळचे जवळच्यावर आणि दूरचे दूरच्यावर बसतात. पाण्याच्या दृष्टीने दोन्ही स्थितींत काहीच फरक नाही. भरतीसाठी चंद्र आणि सूर्य कोणत्या बाजूला आहेत याला महत्त्व नसते, ते एका रेषेत आहेत की नाहीत याला असते, आणि रेषेला दोन टोके असतात.

आकृतीकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण नेमकी तीच आकृतीत सहसा चुकते. चंद्र पाण्याला उचलत नाही. त्याच्या ओढीतील हा फरक आपल्या वजनाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा आहे. सत्तर किलोच्या माणसाचे वजन त्याने सात-आठ मिलिग्रॅमने बदलेल. एवढ्याशा बळाने समुद्र वर उचलला जाणे शक्य नाही. मात्र हेच बळ फुगवटा आणि बाजू यांच्या मधल्या पट्ट्यात पृष्ठभागाला समांतर होते आणि तिथे त्याला विरोध करणारे वजन आडवे येत नाही. हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातील पाणी आडवे सरकत सरकत फुगवट्याकडे जमा होते. विहिरीत किंवा तळ्यात भरती का दिसत नाही, याचेही कारण हेच आहे: तिथे सरकून यायला पाणीच नसते. फुगवट्याकडे गेलेले पाणी बाजूंकडून आलेले असते, म्हणून रेषेवर जेवढी पातळी वाढते त्याच्या निम्मी बाजूंना उतरते. हे दोनास एक प्रमाण आकृतीत जपावे.

आकृती एकाच कागदावर काढू नये असा माझा आग्रह आहे. एक जाड कागद आणि दोन पारदर्शक कागद घ्यावेत. जाड कागदावर ५० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, ती पृथ्वी. पहिल्या पारदर्शक कागदावर चंद्राचा लंबगोल काढावा: समोरासमोरच्या दोन टोकांना तो पृथ्वीच्या वर्तुळाबाहेर २० मिलिमीटर जावा आणि दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर आत यावा. दुसऱ्या कागदावर सूर्याचा लंबगोल काढावा: टोकांना ९ मिलिमीटर बाहेर आणि बाजूंना साडेचार मिलिमीटर आत. प्रत्येक लंबगोलाच्या लांब अक्षावर बाण काढून त्या बाणाला ‘चंद्राकडे’ किंवा ‘सूर्याकडे’ असे नाव द्यावे. मग तिन्ही कागद मध्यभागी एका टाचणीने असे जोडावेत की वरचे दोन फिरवता येतील. सूर्याचा कागद स्थिर ठेवावा आणि चंद्राचा फिरवावा. तीन मुख्य स्थिती अशा दिसतील:

```
अमावास्या :  सूर्य - - - - - - - चंद्र - - ( पृथ्वी )

पौर्णिमा :   सूर्य - - - - - - - - - - - - ( पृथ्वी ) - - चंद्र

                                             चंद्र
                                               |
अष्टमी :     सूर्य - - - - - - - - - - - - ( पृथ्वी )
```

अमावास्येला आणि पौर्णिमेला दोन्ही लंबगोल एकाच दिशेने पडतात. टोकाला २० अधिक ९ म्हणजे २९ मिलिमीटर चढ आणि बाजूला १० अधिक साडेचार म्हणजे साडेचौदा मिलिमीटर उतार. भरती आणि ओहोटी यांच्यातील एकूण अंतर साडेत्रेचाळीस मिलिमीटर झाले. हे उधाण. चंद्राचा कागद एका टोकापासून अर्धे वर्तुळ फिरवल्यावरही चित्र जसेच्या तसे राहते, हे मुले स्वतःच्या हाताने करून पाहतील तेव्हा पौर्णिमेबद्दल वेगळे सांगावे लागणार नाही.

अष्टमीला चंद्राचा कागद काटकोनात येतो. आता चंद्राच्या टोकाला २० चा चढ आहे, पण तिथे सूर्य साडेचार मिलिमीटर पाणी काढून घेतो, म्हणून साडेपंधरा उरतात. बाजूला चंद्राने १० मिलिमीटर पाणी उतरवले आहे, तिथे सूर्य ९ मिलिमीटर भर घालतो, म्हणून उतार १ मिलिमीटरच राहतो. एकूण अंतर साडेसोळा मिलिमीटर. ही भांगाची भरती. तिच्यात भरती पूर्ण नाहीशी होत नाही, कारण सूर्याचा लंबगोल चंद्राच्या लंबगोलाएवढा नाही. अनेक आकृत्यांत दोन्ही लंबगोल सारखेच काढलेले असतात. त्या खऱ्या मानल्या तर अष्टमीला समुद्र स्तब्ध राहायला हवा, आणि तसे आपल्या किनाऱ्यावर कधीच घडत नाही. भांगाच्या दिवशी भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी उतरते, हा दुसरा अर्धा भाग मुले हमखास विसरतात. ‘भांगाला पाणी कमी असते’ असे ती लिहितात, प्रत्यक्षात भांगाच्या ओहोटीला पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा बरेच जास्त असते.

आता ही कागदी आकृती खऱ्या समुद्राशी ताडून पाहू. मुंबई बंदरातील सरासरी पातळ्या अशा आहेत: उधाणाची भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर, भांगाची भरती ३.३० मीटर आणि ओहोटी १.८६ मीटर. म्हणजे उधाणाला पाणी ३.६६ मीटर चढते-उतरते आणि भांगाला १.४४ मीटर. उधाणात चंद्र अधिक सूर्य असतो, भांगात चंद्र वजा सूर्य. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे केले की चंद्राचा वाटा मिळतो, २.५५ मीटर. वजाबाकी करून निम्मे केले की सूर्याचा वाटा, १.११ मीटर. सूर्याचा वाटा चंद्राच्या ०.४४ पट आला. खगोलशास्त्राने दिलेला आकडा ०.४६ होता. मुंबईच्या धक्क्यापाशी मोजलेल्या पाण्यातून सूर्य आणि चंद्र यांच्या बळांचे गुणोत्तर इतके जवळ यावे, याचे मला आजही समाधान वाटते. सातवीची मुले हा हिशेब सहज करू शकतात, तो त्यांच्याकडून अवश्य करून घ्यावा. दोन्ही जोड्यांची सरासरीही काढायला सांगावी. उधाणाची २.५९ आणि भांगाची २.५८ मीटर येते. पाणी तेवढेच राहते, फक्त त्याचा झोका लहान-मोठा होतो.

तथापि आकृती किती उंच भरती येईल हे सांगत नाही, आणि ते सांगण्याचा तिचा दावाही नाही. सगळीकडे सारखाच खोल आणि जमिनीचा अडथळा नसलेला समुद्र असता, तर उधाणाचा झोका जेमतेम ८० सेंटिमीटरचा झाला असता. मुंबईला तो साडेतीन मीटरच्या पुढे जातो आणि उत्तरेला खंबायतच्या आखातात भावनगरच्या बाजूला १० मीटरच्या आसपास पोहोचतो, कारण मुंबईसमोरचा समुद्रतळ दूरपर्यंत उथळ आहे आणि आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते. आत शिरणाऱ्या पाण्याला जागा कमी पडते आणि ते वर चढते. रत्नागिरी, गोवा असे दक्षिणेकडे जावे तसा हा झोका लहान होत जातो. चंद्र तोच, सूर्य तोच, पण किनाऱ्याचा आकार वेगळा.

कोळ्यांनी सांगितलेला दोन दिवसांचा उशीरही खरा समुद्र आकृतीसारखा नसल्यामुळेच होतो. आकृतीतील समुद्र चंद्राच्या आज्ञेत क्षणात वळतो. खरा समुद्र मोठ्या परातीतील पाण्यासारखा आहे. परात हलवू लागल्यावर पाण्याचा झोका हळूहळू वाढतो, आणि हलवणे कमी केल्यावरही थोडा वेळ तो मोठाच राहतो. पौर्णिमेला बळ सर्वाधिक असते, परंतु झोका त्यानंतर एक ते दोन दिवसांनी सर्वाधिक होतो. त्याचप्रमाणे खरा भांगही अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. आपले कोळी बरोबर सांगत आहेत आणि त्यात पुस्तकाला खोटे ठरवणारे काही नाही.

२०२२ च्या जून महिन्याचे मुंबईचे कोष्टक याचा चांगला नमुना आहे. वटपौर्णिमा १४ जूनला होती. दुपारच्या भरतीचे अंदाज असे होते: १३ जूनला ११ वाजून ८ मिनिटांनी ४.५६ मीटर, १४ ला ११.५६ वाजता ४.७७, १५ ला १२.४६ वाजता ४.८६, १६ ला १.३५ वाजता ४.८७, १७ ला २.२५ वाजता ४.८० आणि १८ ला ३.१६ वाजता ४.६६ मीटर. सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, १६ जूनला आहे. भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आहे. पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो आणि त्याला पुन्हा गाठायला तेवढा वेळ लागतो.

हे आकडे ४.४२ या सरासरी उधाणापेक्षा बरेच वर आहेत. त्याचे मुख्य कारण म्हणजे त्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बिंदूपाशी, सुमारे ३,५७,००० किलोमीटरवर होता. भरतीचे बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून अंतर सात टक्क्यांनी घटल्यावर बळ जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढले. मुंबईच्या हिशेबात एवढ्यानेच भरतीला सुमारे तीस सेंटिमीटरची भर पडते. उरलेला चढ मुख्यतः पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे आहे. या कलामुळे दिवसातील दोन भरत्या सारख्या नसतात, आणि जून-जुलैच्या उधाणांत मुंबईला दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते. हिवाळ्यात हे उलटे होते. मुलांच्या आकृतीत हे आणू नये, मात्र एखाद्याने विचारलेच तर उत्तर तयार असावे.

उधाणानंतर झोका रोज लहान होतो याची किंमत आम्ही एकदा चांगलीच मोजली. एका लहान खाडीत आमची मोजणीची होडी उधाणाच्या ऐन भरतीला गाळाच्या उंच पट्टीवर चढली आणि पाणी उतरताच तिथेच बसली. मी तेव्हा कामात नवा होतो. बारा तासांनी पुढची भरती येईल आणि होडी तरंगेल, असे मी धरून चाललो. तांडेल मात्र काही न बोलता नांगर दूर नेऊन टाकू लागला. रात्रीच्या भरतीला पाणी होडीच्या तळाला लागले, पण तिला उचलू शकले नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी एक वीत खाली राहिले. तिसऱ्या दिवशी होडीपर्यंत आलेच नाही. भांग सरून पुढचे उधाण येईपर्यंत, जवळजवळ पंधरवडाभर, होडी त्याच जागी उभी होती. उधाण चढत असताना, म्हणजे पौर्णिमेपूर्वी एक-दोन दिवस, ती अडकली असती तर दुसऱ्याच दिवशी सुटली असती. त्यानंतर उथळ पाण्यातील काम मी नेहमी चढत्या उधाणात लावले.

कोष्टक हाताशी नसेल तर आपल्या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना तो सारखाच लागू होतो, आणि ते का, हे आता आपली फिरती आकृतीच सांगते. वरील कोष्टकाशी तो ताडून पाहा. १५ जूनला सूर्योदयाची तिथी प्रतिपदा होती: आडाखा पाऊण वाजता म्हणतो, कोष्टक १२.४६. दुसऱ्या दिवशी द्वितीया: आडाखा दीड, कोष्टक १.३५. मात्र पक्षाच्या शेवटी हा आडाखा मागे पडतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, तर त्या पौर्णिमेची भरती बारा वाजण्याच्या सुमारास होती. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तरी चूक वाढते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक चालणार असेल तेवढ्याच कामाला तो वापरावा. तसेच तो मुंबई आणि तिच्या लगतच्या किनाऱ्याचा आहे. लांब खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते, तिथे स्थानिक माणसालाच विचारावे.

मीटरच्या आकड्यांबद्दलही मुलांना स्पष्ट सांगावे, कारण पावसाळ्यात ‘आज ४.८७ मीटर उंच लाटा’ अशी वाक्ये वाचायला मिळतात आणि ती चुकीची असतात. ४.८७ ही लाटेची उंची नाही. ती शांत पाण्याची पातळी आहे आणि तीही सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली नाही, तर खूप खालच्या ओहोटीजवळ ठरवलेल्या एका शून्यापासून मोजलेली आहे. मुंबईची सरासरी समुद्रसपाटीच या शून्याच्या २.५१ मीटर वर आहे. म्हणून ४.८७ चा अर्थ सरासरीपेक्षा सुमारे २.३६ मीटर वर एवढाच. लाटा त्या पातळीवर वेगळ्या येतात. शिवाय कोष्टकात फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब असतो, वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा नसतो. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. किनाऱ्याकडे जोराचा वारा लागून राहिला तर पाणी त्याहून बरेच वर येते. पावसाळ्यात धक्क्यावरील मोजपट्टी आणि कोष्टक यांत वीत-दीड वीत फरक मी अनेकदा पाहिला आहे.

शेवटी आपल्या सहलीचे. कुलाबा किल्ल्यावर चालत जायला ओहोटी दोन अटी पुऱ्या करणारी हवी: ती सकाळच्या सोयीच्या वेळी असावी आणि पुरेशी खोल उतरणारी असावी. अलिबागसाठी मुंबईचा हिशेब पुरेसा जवळचा आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि वेळापत्रकात ती सोयीची दिसते. पण ती भांगाची ओहोटी आहे. सरासरी १.८६ मीटरच्या खाली पाणी जात नाही, म्हणजे उधाणाच्या ओहोटीपेक्षा १.१० मीटर जास्त पाणी वाटेवर उभे राहते. सातवीच्या मुलाच्या दृष्टीने हे कमरेच्या वरचे पाणी झाले. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी खोल उतरते, मात्र पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि त्या वेळी मुलांना नेणे कठीण आहे. मधला मार्ग तृतीया किंवा चतुर्थीचा. तेव्हा उधाणाचा जोर अजून टिकून असतो. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणून ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेनऊ-नऊच्या सुमारास येते. पाणी उतरत असताना, आठ वाजता, निघावे आणि ओहोटीनंतर तासाभरात, फार तर दहापर्यंत, सगळ्यांनी किनाऱ्यावर परत यावे. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी सावकाश चढते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र ते सर्वांत वेगाने चढते. उधाणाच्या दिवसांत या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. पावसाळ्यात ही सहल ठेवू नये. तारीख ठरवताना त्या महिन्याचे छापील कोष्टक पाहावे, आणि निघायच्या सकाळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना वाट किती वाजेपर्यंत उघडी राहील ते विचारावे. परतण्याची वेळ मुलांनाच फिरत्या आकृतीवरून आणि तिथीवरून आधी काढायला सांगावी, मग ती कोष्टकाशी आणि कोळ्यांच्या शब्दाशी ताडून पाहावी.